फीची आठवण करून देणारा व्हॉट्सॲप मेसेज कसा लिहायचा? ‘दोन महिने बाकी’ नको, महिन्यांची नावं हवीत

घरी शिकवण्या घेणाऱ्या बऱ्याच जणांचे फीचे मेसेज मी पाहिले आहेत, कारण मी स्वतः आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो आणि आमच्यात हे मेसेज एकमेकांना दाखवणं चालूच असतं. त्यांचे साधारण दोन प्रकार असतात. पहिला असा:

“प्रिय पालक, आपल्या पाल्याची फी बऱ्याच दिवसांपासून थकीत आहे. वारंवार कळवूनही आपण दखल घेतलेली नाही. तरी त्वरित भरावी.”

आणि दुसरा असा:

“काकू सॉरी हं, डिस्टर्ब करतेय 🙏 राग मानू नका, पण जमलं तर फीचं बघता का? दोन महिन्यांची राहिलीय 🙏🙏”

पहिला उद्धट वाटतो आणि दुसरा बिचारा. पण दोन्हींत उणीव एकच आहे. मेसेज वाचणाऱ्या पालकाला नेमकं कळत नाही की कोणत्या महिन्याची फी राहिली आहे, किती रुपये, आणि आपण मध्ये दिलेले पैसे कुठे गेले. मग तो फोन बाजूला ठेवतो आणि म्हणतो, “बघू नंतर.” तुम्हाला वाटतं, टाळतायत. खरं तर त्याला हिशोब लावायचा कंटाळा आलेला असतो.

आज एकाच मेसेजवर काम करू आणि तो पाठवण्याजोगा करू.

आधी हिशोब, मग शब्द

एक उदाहरण घेऊ. नाव नमुन्याचं आहे: अथर्व, इयत्ता सातवी, महिन्याची फी 1,200 रुपये, शिकवणी जूनपासून सुरू. त्याच्या घरून 12 जूनला 1,200 आले. जुलैत काही आलं नाही. 9 ऑगस्टला पुन्हा 1,200 आले. सप्टेंबर कोरा गेला. आज 6 ऑक्टोबर आहे.

आता सांगा, कोणते महिने बाकी आहेत?

शिकवणारी ताई म्हणते, जूनचे मिळाले, नंतरचे जुलैला धरले, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर बाकी. अथर्वची आई म्हणते, मी ऑगस्टमध्ये दिले ते ऑगस्टचे, म्हणजे फक्त सप्टेंबर बाकी. जुलै त्यांच्या डोक्यातून पूर्णपणे गेलेला आहे, कारण त्या महिन्यात गडबड होती आणि तेव्हा कुणी आठवणही केली नाही. दोघीही खरं बोलत आहेत. आणि अशा वेळी “दोन महिन्यांची फी बाकी आहे” असा मेसेज गेला की आईला वाटतं, ही बाई एक महिना जास्तीचा मागतेय.

फीवरून होणारी बहुतेक वादावादी इथूनच सुरू होते असा माझा अनुभव आहे. पैसे द्यायची इच्छा नसते असं नाही, पण आलेली रक्कम कोणत्या महिन्याची हे कुणी कधी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून नियम एकच ठेवा. पालकाने पैसे पाठवताना महिना सांगितला असेल तर तोच महिना धरायचा. सांगितला नसेल तर सगळ्यात जुना बाकी महिना आधी भरायचा, आणि हे पालकाला त्याच दिवशी कळवायचं.

वही वापरत असाल तर वहीच ठेवा, काही बिघडत नाही. पण वीस-पंचवीस मुलं असतील तर मोबाइलवरच्या गूगल शीट्समध्ये एक साधा तक्ता बनवा. पहिल्या ओळीत A मध्ये नाव, B मध्ये महिन्याची फी, आणि C पासून F पर्यंत जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. प्रत्येक महिन्याखाली त्या महिन्यासाठी धरलेली रक्कम लिहायची, नुसती टिक नाही. टिक केली की अर्धी फी दिलेली कुठे लिहिणार? मग G2 मध्ये हे टाका:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,ARRAYFORMULA(IF(C2:F2<$B2,C$1:F$1,"")))
```

आणि H2 मध्ये हे:

```
=COUNTA(C$1:F$1)*B2-SUM(C2:F2)
```

पहिलं सूत्र फीपेक्षा कमी रक्कम असलेल्या महिन्यांची नावं स्वल्पविराम देऊन लिहून देतं. रिकामी चौकट म्हणजे शून्य, त्यामुळे तो महिनाही येतो. दुसरं एकूण बाकी रक्कम काढतं. अथर्वच्या ओळीत C आणि D मध्ये 1200 असेल आणि पुढच्या दोन चौकटी रिकाम्या असतील, तर G मध्ये “ऑगस्ट, सप्टेंबर” आणि H मध्ये 2400 दिसेल.

दोन गोष्टी सांभाळा. चौकटीत फक्त आकडा लिहा. “1200 रु” असं लिहिलं तर शीट्स त्याला मजकूर समजतं, बेरजेत धरत नाही, आणि बाकी रक्कम उगाच फुगते. महिने एक सांगत असतील आणि रक्कम वेगळंच सांगत असेल, तर सगळ्यात आधी हेच तपासा. दुसरं म्हणजे सूत्र F पर्यंतच आहे. ऑक्टोबर संपला की नवा स्तंभ घाला आणि सूत्रातला F बदलून G करा (सूत्रंही एक घर पुढे सरकतील). चालू महिना मुद्दामच त्यात धरलेला नाही. तुमच्याकडे फी महिना संपल्यावर घ्यायची पद्धत असेल तर 6 ऑक्टोबरला ऑक्टोबर हा बाकी महिना नाहीच. आगाऊ घेत असाल तर तो धरा, पण मेसेजमध्ये “ऑक्टोबर (चालू महिना)” असं वेगळं लिहा. बाकी आणि चालू एकत्र मिसळलं की पालकाला रक्कम मोठी दिसते आणि तो बिचकतो.

“थकीत” की “राहिली आहे”?

आता भाषा. मराठीत फी न मिळण्यासाठी बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. “थकीत” आणि “थकबाकी” हे वीजबिलाच्या किंवा बँकेच्या नोटिशीतले शब्द आहेत. ते वाचताना माणसाला आधी दंड आठवतो. “पेंडिंग” सगळ्यांना कळतो आणि फार टोचतही नाही, पण थोडा ऑफिसातला वाटतो. “बाकी” सरळ आहे, कुठेही चालतो. “राहिली आहे” सगळ्यात मऊ, कारण त्यात कुणी राहवली असा आरोप नाही, ती आपली आपण राहिली. पहिल्या आठवणीत मी “राहिली आहे” किंवा “जमा झालेली दिसत नाही” वापरतो.

या शेवटच्या रचनेकडे नीट बघा. “तुम्ही ऑगस्टची फी भरली नाही” आणि “माझ्या नोंदीत ऑगस्टची फी जमा झालेली दिसत नाही” या दोन्हींत माहिती तीच. पण पहिल्या वाक्यात बोट पालकाकडे आहे, आणि दुसऱ्यात मी माझी वही उघडून दाखवतो आहे. शिवाय दुसरं वाक्य जास्त खरं आहे. पैसे कदाचित बाबांच्या फोनवरून, अनोळखी नावाने आले असतील आणि तुम्ही ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर धरले असतील. “दिसत नाही” म्हटलं की अशी शक्यता उघडी राहते आणि पालकाला सांगायला जागा मिळते.

“वारंवार कळवूनही”, “दखल घेतली नाही”, “विसरलात वाटतं” हे सरळ काढून टाका. मागच्या वेळी काय झालं ते मेसेजमध्ये आलं की पालक फीबद्दल उत्तर देत नाही, त्या टोमण्याला उत्तर देतो. “त्वरित” आणि “लवकरात लवकर” यांनी काहीच साधत नाही, त्याऐवजी तारीख लिहा. “तरी कृपया भरावी ही विनंती” हे सोसायटीच्या फलकावर ठीक आहे, काकूंशी चॅटमध्ये कुणी असं बोलत नाही.

आणि सॉरी? तुम्ही शिकवलं आहे, त्याची फी मागता आहात. सॉरी लिहिलं की पालकालाही वाटायला लागतं की हे काहीतरी जादाचं मागणं आहे. एक “कृपया” पुरतो. हात जोडल्याची इमोजी हवी असेल तर शेवटी एकच.

संबोधनाचं म्हणाल तर “प्रिय पालक” नको. ते वाचलं की कळतं, हा मेसेज सगळ्यांना गेला आहे. समोर भेटल्यावर जे म्हणता तेच लिहा: काकू, काका, ताई, दादा, सर. “तुम्ही” की “आपण” हेही तसंच. एरवी तुम्ही “काकू, अथर्व आज आला नाही का?” असं विचारता आणि फीच्या मेसेजात एकदम “आपल्या पाल्याची” सुरू झालं की त्यात दुरावा जाणवतो. हा बदल फार लोकांच्या लक्षात येत नाही, पण पालकांना तो बरोबर कळतो.

तयार मेसेज

हे सगळं लावून अथर्वच्या आईला जाणारा मेसेज असा होतो:

> नमस्कार काकू, अथर्वच्या शिकवणीबद्दल एक छोटी आठवण होती.
>
> माझ्या नोंदीत *ऑगस्ट आणि सप्टेंबर* या दोन महिन्यांची फी अजून जमा झालेली दिसत नाही.
> ऑगस्ट 1,200 + सप्टेंबर 1,200 = *2,400 रुपये*
>
> 12 जूनला मिळालेले 1,200 जूनचे आणि 9 ऑगस्टला मिळालेले 1,200 जुलैचे धरले आहेत.
> तुमच्याकडे वेगळं दिसत असेल तर कृपया सांगा, मी तपासते.
>
> 15 ऑक्टोबरपर्यंत दिलीत तर बरं होईल. 🙏

यातली सगळ्यात कामाची ओळ “12 जूनला मिळालेले…” ही आहे. आई ती वाचते आणि तिच्या लक्षात येतं, अरे, जुलैत काही गेलंच नव्हतं. तिला हे तुम्ही सांगितलेलं नाही, तिचं तिलाच कळलं. ती आपल्या यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत जाऊन 9 ऑगस्टची नोंद पाहू शकते. तारीख नसती तर तिला चार महिन्यांच्या भाजी-दूध-रिचार्जच्या नोंदींतून शोधत बसावं लागलं असतं.

महिन्यांची नावं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. “मागचे दोन महिने” हा शब्दप्रयोग मेसेज उशिरा वाचला की बदलतो. 30 सप्टेंबरच्या रात्री पाठवला आणि 1 ऑक्टोबरला वाचला तर मागचा महिना कोणता? “जून-ऑगस्ट” असं मधे रेघ देऊनही लिहू नका, कारण कुणी त्याचे दोन महिने मोजतं, कुणी तीन. “जून, जुलै आणि ऑगस्ट (3 महिने)” असं लिहिलं की प्रश्न मिटला. अर्धी फी आली असेल तर “ऑगस्टचे 600 मिळाले, 600 राहिले” असं त्याच महिन्यासमोर लिहा.

पहिली ओळ मुद्दाम साधी ठेवली आहे. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवातच दिसते. आणि आईचा फोन संध्याकाळी बऱ्याचदा अथर्वच्याच हातात असतो. त्याने खेळता खेळता “तुझी फी बाकी” वाचावं असं तुम्हालाही वाटणार नाही. याच कारणासाठी मुलाबरोबर निरोपही पाठवू नका. बारा वर्षांचं पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसतं आणि त्याचा यात काही दोष नसतो.

दोन भावंडं येत असतील तर एकच मेसेज, पण प्रत्येकाची ओळ वेगळी. आणि घरची अडचण तुम्हाला माहीत असेल तर शेवटी “दोन भागांत दिलीत तरी चालेल” ही ओळ घाला. मनापासून चालणार असेल तरच घाला.

ठळक अक्षरांसाठी व्हॉट्सॲपमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना * लावायचा, मधे जागा सोडायची नाही. महिने आणि एकूण रक्कम, एवढंच ठळक. सगळाच मेसेज ठळक केला तर ओरडल्यासारखा दिसतो.

पाठवताना कुठे गडबड होते

क्लासच्या ग्रुपवर बाकीची यादी टाकू नका, हे सांगायला लागू नये, पण लोक टाकतात. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी वाटते, कारण प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो. पण मजकूर सगळ्यांना तोच जातो, त्यामुळे महिने घालता येत नाहीत. शिवाय ज्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. “या महिन्याची फी 10 तारखेपर्यंत द्या” एवढ्यासाठी ब्रॉडकास्ट ठीक, बाकीच्या महिन्यांसाठी एकेकाला वेगळा मेसेज.

एकेकाला लिहायचा वेळ वाचवायला व्हॉट्सॲप बिझनेसमधलं क्विक रिप्लाय वापरा. बिझनेस टूल्समध्ये जाऊन वरचा मेसेज एकदा साठवायचा आणि त्याला एक छोटा शॉर्टकट द्यायचा. मग चॅटमध्ये / टाइप केलं की तो समोर येतो. साठवताना नाव, महिने, रक्कम आणि तारखा यांच्या जागी ____ ठेवा. खरं नाव ठेवलंत तर एक दिवस अथर्वचा हिशोब दुसऱ्याच्या आईला जाणार. रिकामी रेघ राहिली तर ती निदान पाठवण्याआधी डोळ्यांना दिसते.

एका पालकाला गेलेला मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका, सगळी आपुलकी तिथेच संपते. पाठवल्यावर चूक दिसली तर 15 मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून एडिट करता येतो. सगळ्यांसाठी डिलीट केला तर तिथे “डिलीट केला” अशी ओळ उरते आणि पालक विचारतात, काय होतं ते?

यूपीआय आयडी दुसऱ्या, वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा, आणि त्यात आयडीशिवाय एक अक्षरही नको. मेसेज दाबून कॉपी केला की सगळाच्या सगळा कॉपी होतो, म्हणून आयडी लांब मजकुरात असेल तर पालकाला तो हाताने टाइप करावा लागतो. खाली तिसऱ्या ओळीत “पाठवताना नोटमध्ये ‘अथर्व ऑगस्ट’ लिहाल का?” असं विचारा. बरेच जण लिहितात, आणि मग कोणता महिना धरायचा हा प्रश्नच येत नाही. ॲपमधून पैसे मागण्याची रिक्वेस्ट पाठवायच्या फंदात पडू नका. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय फसवणुकीमुळे एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करायला लावली आहे. तशीही ती पालकांना दटावल्यासारखी वाटायची.

वेळ बघा. नोकरदार घरांत पगार झाल्यावरचा आठवडा बरा, म्हणजे साधारण 5 ते 10 तारीख. रोजंदारीवर किंवा शेतीवर चालणाऱ्या घरांत पैसे कधी येतात ते त्यांनाच विचारून ठेवा, तारीख त्याप्रमाणे लिहा. सणाच्या दिवशी सकाळी फीचा मेसेज नको.

उत्तर आलं की

“मी तर दिली होती” असं उत्तर आलं तर लगेच वाद नको. “तपासते काकू, तारीख किंवा यूटीआर नंबर पाठवता का?” एवढंच. यूटीआर म्हणजे यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, पालकाच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. तुमच्या बँकेच्या नोंदीत तो शोधायचा. सापडला तर महिना दुरुस्त करून तसं कळवायचं.

15 तारीख उलटली आणि उत्तरच नाही, तर दुसरा मेसेज आणखी कडक करायची गरज नाही. त्याच मेसेजला रिप्लाय देऊन “काकू, याबद्दल कळवाल का? काही अडचण असेल तर फोनवर बोलू” असं लिहा. तिसरा मेसेज मी लिहीतच नाही, फोन करतो. दोन वेळा उत्तर आलं नाही म्हणजे बहुधा हिशोबाचा गोंधळ नाही, घरात दुसरं काहीतरी चालू आहे, आणि ते कुणी चॅटवर लिहीत नाही.

पैसे आले की त्याच दिवशी पोच द्या. अथर्वच्या आईने 10 ऑक्टोबरला 1,200 पाठवले असं धरू. तर:

> काकू, 1,200 मिळाले, धन्यवाद. *ऑगस्टची* फी म्हणून नोंद केली आहे. आता *सप्टेंबर* 1,200 राहिली आहे.

9 ऑगस्टला अशीच एक ओळ गेली असती, तर 6 ऑक्टोबरचा मेसेज निम्म्याने लहान झाला असता.